बंद फ्लॅट, चालू डिफ्युझर आणि घरातलं मांजर: कुठली तेलं नकोत, आणि लावायचंच असेल तर कसं लावायचं

जून लागला की घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून थेट खारघर-उलव्यापर्यंत फ्लॅटांच्या खिडक्या बंद होतात. कपडे आतच वाळतात, कपाटं उघडली की कोंदट वास येतो, भिंतीच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके उमटतात. मग ऑनलाइन मागवलेला छोटासा अल्ट्रासोनिक डिफ्युझर टीव्ही युनिटवर येतो, त्यात निलगिरीचे नाहीतर टी ट्रीचे आठ-दहा थेंब पडतात, आणि त्याच युनिटखाली मांजर झोपलेलं असतं. हा लेख याच घरासाठी आहे. मांजराबद्दल सविस्तर लिहिलं आहे, कारण सर्वांत जास्त धोका त्याला असूनही तो सर्वांत उशिरा लक्षात येतो. कुत्रा आणि पक्षी यांचंही पुढे येईलच.

तेल फक्त नाकातून जात नाही

बहुतेकांना वाटतं, डिफ्युझर म्हणजे वास. अगरबत्तीसारखा, खोलीभर पसरून विरून जाणारा. अल्ट्रासोनिक यंत्र तसं चालत नाही. त्याच्या टाकीच्या तळाशी एक छोटी चकती असते. ती अतिशय वेगाने थरथरते आणि पाण्याचे व त्यावर तरंगणाऱ्या तेलाचे अगदी बारीक थेंब करून हवेत सोडते. वर जाणारा तो पांढरा धूर म्हणजे हे थेंबच. ते हवेत काही वेळ राहतात, मग खाली बसतात: फरशीवर, सोफ्यावर, गादीवर आणि मांजराच्या अंगावर.

मांजर जागेपणीचा बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवतं. त्यामुळे अंगावर बसलेलं तेल थेट पोटात जातं. फरशीवर बसलेलं तेल पंजांना लागतं आणि पंजे चाटले की तेही पोटात. म्हणजे एकाच यंत्रातून मांजराला नाक, कातडी आणि तोंड अशा तिन्ही वाटांनी तेल मिळतं. पावसाळ्यात हे आणखी वाढतं. आपल्याकडे जुलैत हवा आधीच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे यंत्रातून निघालेले थेंब हवेतल्या हवेत वाळायला जास्त वेळ घेतात आणि ओलेच खाली येतात.

दुसरा भाग यकृताचा. आपल्या शरीरात फिनॉल जातीची रसायनं आली की यकृत त्यांना ग्लुक्युरोनिक आम्ल जोडतं. मग ती पाण्यात विरघळतात आणि लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडतात. हे काम करणाऱ्या एन्झाइमांपैकी एक महत्त्वाचं एन्झाइम मांजराच्या जातीत निकामी आहे. माणसाला ताप आल्यावर बिनधास्त दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारू शकते, ती याच कारणाने. सुगंधी तेलांमधली कित्येक रसायनं याच वाटेने बाहेर पडणारी आहेत. मांजराच्या अंगात ती साचत जातात. म्हणूनच “आठवडाभर लावतोय, काही झालं नाही” हे वाक्य मांजराच्या बाबतीत फारसं उपयोगाचं नाही.

पहिलं काम: कपाटातल्या बाटल्या बाहेर काढा

यंत्राला हात लावण्याआधी घरातल्या सगळ्या सुगंधी बाटल्या टेबलावर मांडा. देवघरातलं, औषधांच्या डब्यातलं, बाथरूममधलं, सगळं. नुसती यादी पाठ करण्यापेक्षा कुठलं तेल काय करतं ते समजून घेतलं, तर नवीन बाटली हातात आली तरी निर्णय घेता येतो.

सर्वांत आधी टी ट्री बाजूला काढा. पावसाळ्यात कुत्र्या-मांजरांना बुरशीचा संसर्ग होतो, पिसवा-गोचीड होतात, आणि “नैसर्गिक आहे” म्हणून हे तेल थेट अंगावर चोळलं जातं. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शुद्ध टी ट्री तेलाच्या ४४३ घटना तपासल्या होत्या, त्यात ३३७ कुत्रे आणि १०६ मांजरं होती. दहापैकी जवळजवळ नऊ घटनांमध्ये तेल चुकून सांडलेलं नव्हतं, मालकाने उपाय म्हणून स्वतः वापरलं होतं. लाळ गळणं, सुस्ती, चालताना झोकांड्या, मागच्या पायांतली ताकद जाणं, थरथर अशी लक्षणं साधारण २ ते १२ तासांत सुरू झाली आणि काहींमध्ये ७२ तासांपर्यंत टिकली. कमी वजनाच्या आणि कमी वयाच्या मांजरांना जास्त त्रास झाला. घटनांमधली सर्वांत कमी मात्रा ०.१ मिलिलिटर होती, म्हणजे ड्रॉपरचे जेमतेम दोन थेंब. टी ट्रीला कुत्र्या-मांजराच्या घरात जागा नाही. डिफ्युझरमध्ये नाही, अंगावर तर नाहीच.

त्यानंतर मसाल्यांची तेलं. लवंग, ओवा, थाइम, ओरेगॅनो आणि दालचिनी. लवंगेत युजेनॉल असतं, ओव्यात आणि थाइममध्ये थायमॉल, ओरेगॅनोत कार्व्हाक्रॉल. तिन्ही फिनॉल आहेत, म्हणजे मांजराच्या यकृताची नेमकी दुखरी बाजू. दालचिनीच्या पानांच्या तेलात युजेनॉल जास्त असतं, सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड. ते कातडी आणि तोंडाची आतली त्वचा पोळतं. स्वयंपाकात फोडणीला टाकलेल्या दोन लवंगा आणि लवंगेचं तेल यांची तुलना करू नका. तेल म्हणजे त्या मसाल्याचा कित्येक पट दाट केलेला अर्क असतो.

गंधपुऱ्याचं तेल सांधेदुखीसाठी बऱ्याच घरांत असतं. ते जवळजवळ संपूर्ण मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनचं भावंड. कुत्रा आणि मांजर दोघांनाही विषारी. दुखण्यावर लावायच्या बऱ्याच बाममध्ये आणि स्प्रेमध्ये हेच असतं, म्हणून आजोबांच्या गुडघ्याला बाम लावल्यावर मांजर तिथे चाटायला येत असेल तर वर कापड गुंडाळा.

निलगिरी, कापूर आणि पुदिना हा आपल्या घरांतला सर्वांत मोठा गट, आणि सर्वांत दुर्लक्षित. निलगिरीतलं सिनिऑल आणि पुदिन्यातलं मेंथॉल जनावराच्या श्वासमार्गाला चुरचुरतं, पोटात गेलं तर मेंदू-मज्जासंस्थेवर परिणाम करतं. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, माणसांच्या मुलांनासुद्धा. हल्ली विजेवर चालणारी कापूरदाणी मिळते. प्लगमध्ये लावली की भीमसेनी कापूर दिवसभर खोलीत विरघळत राहतो. डिफ्युझर म्हणून ती मोजलीच जात नाही, पण ती डिफ्युझरच आहे. अमृतधारेची छोटी बाटलीही तपासा: कापूर, पेपरमिंटचे खडे आणि ओव्याचं फूल यांचं ते मिश्रण आहे. वरच्या दोन्ही गटांतली रसायनं एकाच बाटलीत.

डासांसाठी वापरली जाणारी सिट्रोनेला आणि गवती चहाची तेलं, संत्रं-लिंबाची तेलं, पाइन तेल आणि यलांग-यलांग हीसुद्धा मांजरासाठी बाद. पाइन तेल पांढऱ्या फिनाइलमध्येही असतं. त्याने पुसलेली फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजराला तिथे सोडू नका. काळं फिनाइल तर घरातच नको. कुत्र्याच्या पिसवांवर उपाय म्हणून पेनिरॉयल नावाचं तेल कुणी सुचवलं तर घेऊ नका. त्यातलं पुलेगोन यकृताच्या पेशी मारतं आणि त्याने कुत्रा दगावल्याची नोंद पशुवैद्यकात आहे.

राहिली “अरोमा ऑइल” लिहिलेली स्वस्त रंगीत बाटली. तिच्यावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसतं, घटक नसतात, आत कृत्रिम सुगंध आणि तो पातळ करायला एखादं द्रावक असतं. उद्या डॉक्टरांनी “यात काय आहे?” विचारलं तर सांगता येणार नाही, एवढंच कारण तिला बाद करायला पुरेसं आहे.

पक्षी असेल तर इथेच थांबा

बजी, कॉकॅटिल, लव्हबर्ड, फिंच, काहीही असो, नियम एकच: त्या फ्लॅटमध्ये डिफ्युझर नाही, प्लगवालं सुगंधी यंत्र नाही, कापूरदाणी नाही. तेल सौम्य आहे की कडक हा प्रश्नच येत नाही.

कारण पक्ष्याच्या फुफ्फुसात आहे. आपली हवा आत जाते आणि त्याच वाटेने बाहेर येते. पक्ष्यात हवेच्या पिशव्या असतात आणि हवा फुफ्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा हवेतले वायू रक्तात जात असतात. उडायला लागणारी ताकद त्याला यातूनच मिळते. पण हवेत विष असेल तर तेही तेवढ्याच कार्यक्षमतेने आत जातं. वर बजीचं वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. दुसऱ्या खोलीत यंत्र लावून उपयोग नाही, कारण वन बीएचकेत हॉल, पॅसेज आणि बेडरूमची हवा एकच असते. गणपतीत आरतीच्या वेळी कापूर-धूप होणारच असेल, तर आरतीच्या आधी पिंजरा सर्वांत लांबच्या खोलीत न्या, दार लावा, खिडकी उघडी ठेवा आणि धूर पूर्ण गेल्यावरच परत आणा.

कुठलं यंत्र

अल्ट्रासोनिकबद्दल वर सांगितलं. त्याहून वाईट नेब्युलायझिंग प्रकार, ज्यात पाणी नसतंच. शुद्ध तेल फवारलं जातं. मांजर किंवा कुत्रा असलेल्या घरात तो नको. रीड डिफ्युझर, म्हणजे बाटलीत काड्या खोचलेला, हवेत थेंब सोडत नाही, फक्त वाफ. या बाबतीत तो बरा. पण त्याचा धोका वेगळा: शेल्फवरून मांजराने पाडला की पन्नास-शंभर मिलिलिटर तेल आणि द्रावक फरशीवर, आणि मांजर त्यातून चालत गेलं की पंजे चाटणार. रीड डिफ्युझर ठेवायचाच असेल तर बंद काचेच्या कपाटात, नाहीतर नकोच. गरम करून वास सोडणाऱ्या द्रव पॉटपुरीत काही वेळा डिटर्जंटसारखी रसायनं असतात, ती मांजराची जीभ आणि अन्ननलिका भाजतात. तीही घरात आणू नका.

थेंबांचा हिशोब

समजा कासारवडवलीत एक वन बीएचके आहे. बेडरूम १० बाय १० फूट, उंची साडेनऊ फूट. म्हणजे ९५० घनफूट, साधारण २७ घनमीटर हवा. सुगंधी तेलाच्या २० थेंबांचा अंदाजे एक मिलिलिटर होतो. एक थेंब सुमारे ४५ मिलिग्रॅम. यंत्राबरोबर आलेल्या कागदावर दहा थेंब लिहिलेले असतात. ते सगळे या बंद खोलीत उडाले तर प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे १७ मिलिग्रॅम तेल झालं. दोनच थेंब टाकले तर सुमारे ३. आणि तेच दहा थेंब ५ बाय ७ च्या बाथरूममध्ये, जिथे बऱ्याच घरांत मांजराचा लिटर बॉक्स असतो, तिथे लावले तर सुमारे ४८.

यातला कुठलाही आकडा “इथपर्यंत सुरक्षित” असं सांगत नाही. मांजरासाठी हवेतल्या तेलाची तशी मर्यादा ठरलेली नाही. हिशोब दाखवायचा तो एवढ्यासाठी, की खोलीचा आकार आणि थेंबांची संख्या यांनी फरक किती पडतो ते डोळ्यांना दिसावं. कागदावरचे दहा थेंब माणसाच्या नाकासाठी, आणि बहुधा परदेशातल्या मोठ्या घरासाठी लिहिलेले असतात.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. “एसी चालू आहे, हवा बदलतेय” असं बरेच जण म्हणतात. घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. एसी लावून दार-खिडक्या बंद केलेली खोली म्हणजे तेल बाहेर जायला वाटच नसलेली खोली. दुसरं, आपलं नाक काही मिनिटांत वासाला सरावतं. “वास गेला” म्हणून अर्ध्या तासाने आणखी चार थेंब टाकले जातात, प्रत्यक्षात हवेत आधीचं तेल तसंच असतं. एकदा टाकलेल्या थेंबांत भर घालायची नाही.

मांजराच्या घरात लावायचंच असेल तर

आमचं स्पष्ट मत असं, की मांजर असेल तर अल्ट्रासोनिक डिफ्युझरमध्ये तेल न टाकणं हाच बरोबर निर्णय आहे. तरीही कुणाला झोपेसाठी, मनाला बरं वाटावं म्हणून हवं असेल, तर मांजर आणि तेल यांची गाठ पडू न देता लावता येतं. पर्शियन किंवा बसक्या नाकाचं मांजर, दमा असलेलं, पिल्लू, गाभण, म्हातारं किंवा यकृताचा आजार असलेलं मांजर घरात असेल, तर पुढचंही करू नका.

ज्या खोलीत मांजराचं अन्न, पाणी, लिटर बॉक्स आणि झोपायची जागा नाही अशी एकच खोली निवडा. मांजराला बाहेर काढा, पलंगाखाली आणि कपाटात डोकावून खात्री करा, मग दार लावा. टाकीत १०० मिलिलिटर साधं पाणी आणि जास्तीत जास्त दोन थेंब शुद्ध लव्हेंडर. लव्हेंडर निर्धोक आहे असा याचा अर्थ नाही. त्यातलं लिनालूलही चाटून पोटात गेलं तर मांजराला बाधतंच. वरच्या यादीपेक्षा ते सौम्य आहे, इतकंच. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. स्वयंचलित टायमर असेल तर तो लावा, कारण यंत्र चालू ठेवून झोप लागणं ही नेहमी घडणारी गोष्ट आहे.

बंद केल्यावर खिडकी आणि पंखा तासभर चालू ठेवा. बाहेर पाऊस सडसडत असेल आणि खिडकी उघडता येत नसेल, तर अटॅच बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन लावून बाथरूमचं दार उघडं ठेवा. खिडकी नाही आणि एक्झॉस्टही नाही, तर त्या दिवशी डिफ्युझर नाही. यंत्राच्या आजूबाजूची फरशी आणि टेबल साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसून घ्या, कारण सर्वांत जास्त थेंब तिथेच बसतात. टाकीत उरलेलं पाणी लगेच कमोडमध्ये ओता. मांजराला उघडं पाणी दिसलं की ते प्यायला जातं, आणि उरलेल्या पाण्यात तेल वर तरंगत असतं. चकतीवर तेलाचा थर राहतो, तो व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने, प्लग काढूनच, पुसायचा. न पुसल्यास पुढच्या वेळी तुम्ही टाकलेले दोन थेंब अधिक मागचं तेल असं बाहेर येतं. हात धुवा आणि मगच मांजराला जवळ घ्या. हे सगळं रोज करायचं नाही, आठवड्यातून एखाद-दोनदा पुरे.

कुत्र्याच्या घरात थोडी मोकळीक आहे. त्याचं यकृत फिनॉल हाताळू शकतं आणि तो मांजराइतका स्वतःला चाटत नाही. टी ट्री, गंधपुरा, कापूर, निलगिरी, पुदिना, दालचिनी, लवंग आणि सिट्रस ही तेलं मात्र त्यालाही नकोतच. लव्हेंडरचे एक-दोन थेंब, पंधरा-वीस मिनिटं, यंत्र त्याच्या बिछान्यापासून लांब आणि दार उघडं, म्हणजे त्याला नको असेल तर तो उठून जाऊ शकेल. त्याचं उठून जाणं गांभीर्याने घ्या. कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं, आपल्याला मंद वाटणारा वास त्याला असह्य होऊ शकतो. शिंकणं, पंजाने नाक घासणं, दाराशी जाऊन बसणं दिसलं की यंत्र बंद. पग आणि शिह त्झू यांचा श्वासमार्ग मुळात अरुंद असतो, त्यांच्यासाठी मांजराचेच नियम धरा. कुत्रा बाटली चावून फोडतो, म्हणून बाटल्या वरच्या, कडी लागणाऱ्या कपाटात.

आणि मूळ तक्रार कोंदट वासाची असेल तर हे यंत्र उलटं काम करतं. ते तासाला वीस-तीस मिलिलिटर पाणी आधीच दमट असलेल्या खोलीत सोडतं आणि बुरशीला खाऊ घालतं. एसीचा ड्राय मोड रोज तासभर, स्वयंपाकघर-बाथरूमचे एक्झॉस्ट, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं कपाट आणि त्यात सिलिका जेलची पाकिटं, याने वासाचं कारणच कमी होतं. कपाटात डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका. नॅप्थलीन मांजर आणि कुत्रा दोघांनाही विषारी आहे.

काही बिघडतंय हे कसं ओळखायचं

मांजरात पहिली खूण बहुतेकदा लाळ. हनुवटी आणि छातीवरचे केस ओले दिसतात. डोळे-नाक पाणावणं, उलटी, खाणं सोडणं, कोपऱ्यात दबून बसणं, चालताना मागचे पाय सरकणं, अंग थरथरणं या पुढच्या. खोकला ओळखायला थोडं लक्ष लागतं, कारण केसांचा गोळा काढताना मांजर जसं करतं तसंच ते दिसतं: खाली वाकून, मान पुढे ताणून. गोळा पडला नाही आणि तोच प्रकार पुन्हा झाला, तर तो श्वासाचा त्रास धरा. मांजर गाढ झोपलेलं असताना मिनिटभर छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा; तीसच्या आत असायला हवी. तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं मांजर ही आणीबाणी आहे, “थोडं थांबून बघू” नाही. पक्ष्यात श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होणं, चोच उघडी राहणं आणि पिंजऱ्याच्या तळाशी येऊन बसणं याचा अर्थही तोच.

फक्त वासाचा त्रास असेल तर यंत्र बंद करून जनावराला दुसऱ्या, हवेशीर खोलीत न्या. शिंका, पाणावलेले डोळे साधारण अर्ध्या तासात निवळायला हवेत. निवळले नाहीत, किंवा लाळ, झोकांड्या, थरथर यांतलं काहीही दिसलं, तर डॉक्टर.

अंगावर किंवा पंजांना तेल लागलं असेल तर आधी पट्टा काढा, हातमोजे घाला आणि कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने तेवढा भाग दोन-तीनदा धुवा. अंगाचा साबण तेल नीट काढत नाही. धुताना आणि पुसताना त्याला चाटू देऊ नका, आणि लगेच टॉवेलने कोरडं करून उबेत ठेवा, कारण विषबाधेत शरीराचं तापमान पटकन उतरतं. मांजर आधीच झोकांड्या खात असेल तर आंघोळीत वेळ घालवू नका. टॉवेलमध्ये गुंडाळा आणि निघा. पक्ष्याला धुवायचं नाही, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधार आणि ऊब देऊन न्यायचं.

तेल पोटात गेलं असेल तर उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, घशात बोटं नाहीत. ही तेलं पातळ असतात. उलटी होताना ती श्वासनलिकेत उतरतात आणि त्यातून होणारा न्यूमोनिया मूळ विषापेक्षा भारी पडू शकतो. दूधही पाजू नका.

जवळच्या क्लिनिकचा आणि रात्री उघडं असणाऱ्या एका क्लिनिकचा नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा, फ्रिजवरही चिकटवा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, ज्याला सगळे बैलघोडा म्हणून ओळखतात, मोठं आहे; पण संध्याकाळच्या गर्दीत घोडबंदरहून किंवा पनवेलहून तिथे पोहोचायला लागणारा वेळ थरथरणाऱ्या मांजराकडे नसतो. आधी जवळचा डॉक्टर, स्थिर झाल्यावर पुढचं.

निघताना तेलाची बाटली बरोबर घ्या, निदान लेबलचा फोटो. डॉक्टरांना चार गोष्टी लागतील: कुठलं तेल, साधारण किती थेंब किंवा किती मिलिलिटर, किती वाजता, आणि अंगावर, पोटात की नुसतं हवेतून. जनावराचं वजन माहीत असेल तर तेही. या तेलांवर उतारा म्हणून एखादं इंजेक्शन नसतं. सलाइन, ऑक्सिजन, ऊब, गरज पडली तर झटक्यांचं औषध आणि रक्तात यकृताची तपासणी, असे उपचार होतात. यकृताचे आकडे पहिल्या दिवशी ठीक येऊन नंतर बिघडू शकतात, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलं तर मांजर खेळायला लागलेलं असलं तरी न्या. घरी आणल्यावरही तीन दिवस त्याचं खाणं, चालणं आणि झोपेतला श्वास रोज बघा, आणि ज्या खोलीत तेल उडालं होतं तिथल्या चादरी, गादीची कव्हरं आणि मांजराचा बिछाना ते परतण्याआधी धुऊन टाका.